पंचवीस की पन्नास

तोंडे सरांचा व्हायवाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा, कागद बीडच्या पॉलिटेक्निकमध्ये अकरा वर्षं चालत आला होता. प्रश्न आणि समोर तयार उत्तर. पाठ करा, पास व्हा. अठ्ठाविसावा प्रश्न: चाळीस मीटरची पन्नास ओहमची कोॲक्सियल केबल अर्धी कापली, तर इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, किती? उत्तर छापलेलं होतं, पंचवीस.

आम्रपालीला हे उत्तर चूक आहे हे ठाऊक होतं. गेल्या वर्षी ती याच तोंडीत पाठ केलेलं आठवेना म्हणून बोबडी वळून नापास झाली होती, आणि तेव्हापासून पाठांतराचा तिला राग होता. या वेळीही नापास झाली तर टॉवर कंपनीचं नोकरीचं पत्र रद्द होणार होतं. मार्कांच्या कागदावर सह्या दोघांच्या लागत, बाहेरच्या परीक्षकांची आणि शेजारी बसलेल्या तोंडे सरांची.

तोंडी देऊन बाहेर आलेला तिचा वर्गमित्र बाळू दारातच कुजबुजला, "कागदातलंच इचारतेत. बिनधास्त पंचवीस सांग."

ती आत गेली, तेव्हा नांदेडहून आलेले परीक्षक आधीच वैतागलेले होते. "वेव्हगाइडमधून कमी फ्रिक्वेन्सी का जात नाही?"

"आयताकृती नळीची रुंदी अर्ध्या तरंगलांबीपेक्षा कमी पडली, की लाट पुढं जात न्हाई, सर. ती कटऑफच्या खाली असते."

"बरं. चाळीस मीटरची केबल अर्धी कापली. आता?"

तिने तोंडे सरांकडे पाहिलं. ते निवांत होते, आपलंच उत्तर ऐकायला बसल्यासारखे. खरं बोललं तर सरांचा पाणउतारा, आणि सही त्यांचीच.

"पन्नासच राहतंय, सर. लांबीवर न्हाई ते. आतल्या तारेची जाडी, बाहेरच्या जाळीचा व्यास आन् मधलं प्लॅस्टिक, यावर हाय."

तोंडे सर ताठ झाले. "नीट विचार कर."

"दाखव," परीक्षक म्हणाले.

तिने पल्स जनरेटर आणि लाट पडद्यावर दाखवणारा स्कोप टेबलावरच्या वीस मीटरच्या तुकड्याला जोडले. टोकाला पन्नास ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल शोषून घेणारा रोध, लावला. पडद्यावर एकच पल्स, प्रतिध्वनी नाही. मग टी आकाराचा जोड लावून दोन टर्मिनेटर समांतर लावले, म्हणजे पंचवीस ओहम. पहिल्या पल्समागे लगेच दुसरी उमटली, लहान आणि उलटी.

"केबल पंचवीसची असती, तर ही परत आलीच नसती," ती म्हणाली.

परीक्षकांनी चष्मा काढला. "मग आधीच्या चौघांनी एकजात पंचवीस कुठून आणलं?"

आम्रपालीने मान खाली घातली. ती सरांचं नाव घेणार नव्हती, मग वर्ष गेलं तरी चालेल.

"माझ्या कागदातून," तोंडे सर म्हणाले. "मोजून कधी पाहिलंच न्हाई मी."

त्यांनी मार्कांचा कागद स्वतःकडे ओढला, पंचवीसपैकी तेवीस लिहिले आणि आधी आपली सही केली. तिला रडू आवरेना.

"आता बाहेर जा," सर म्हणाले, "आन् आत येणाऱ्यांना सांग, सरांचं उत्तर चूक हाय. माझं नाव घेऊन सांग."