बारा चाळीसची वेळ

परिपत्रक मीच टाईप केलं होतं. पालक-शिक्षक भेट, शनिवारी सकाळी नऊ ते एक, आपापल्या वर्गात. सहावीचे वर्ग रंगवायला काढलेत, म्हणून त्यांची भेट ग्रंथालयात. प्रत्येकाला दहा मिनिटं. वेळ गैरसोयीची असेल तर त्याच वर्गातला दुसरा पालक शोधायचा, खालच्या चिठ्ठीवर दोघांनी सह्या करायच्या आणि ती गुरुवारपर्यंत वर्गशिक्षिकेकडे द्यायची. शेवटी जाड अक्षरात : कार्यालय वेळ बदलून देणार नाही. हे वाक्य माझं. दरवर्षी पालक माझं डोकं खातात, म्हणून मुख्याध्यापिकांच्या मागे लागून मीच ते घालून घेतलं.

शुक्रवारी दुपारी एक बस कंडक्टर बाई कार्यालयाच्या खिडकीशी आल्या. मुलगा सहावीत.

"माझी वेळ बारा चाळीसची, आणि बाराला ड्युटी लागते. सकाळचं काहीतरी बघा ना."

मी परिपत्रकावर बोट ठेवलं. "वाचलं नाहीत का?"

"वाचलं की. पण सगळ्या पालकांचे नंबर थोडेच असतात माझ्याकडे?" म्हणाल्या आणि निघाल्या.

माझी मुलगीही त्याच वर्गात. आमची वेळ दहा दहाची, म्हणजे खिडकीवर ऐन झुंबड. आधीच्या तीन भेटींनाही मी गेले नव्हते. वर्गशिक्षिकेला जिन्यात गाठून "कशी आहे?" विचारायचं, "चांगली आहे" ऐकायचं, की झालं. या वेळी मात्र वर्गशिक्षिकेने मुलीच्या डायरीत लिहिलं होतं : जरूर भेटा, हल्ली वर्गात बोलत नाही. वेळ बदलून मागायची, तर मागणार कोणाकडे? सगळ्यांशी मी फटकूनच वागलेली. मुलगी म्हणाली होती, "तू नाही आलीस तरी चालेल." ते "चालेल" मला फार लागलं होतं.

शनिवारी खिडकी साडेबाराला बंद होते. आणि त्यांची वेळ बारा चाळीस. एवढं डोक्यात शिरेपर्यंत कंडक्टर बाई गेटपाशी पोचल्या होत्या. चपला कशाबशा अडकवून मी धावले.

"माझी दहा दहाची घ्या, तुमची मला द्या. मुलगी माझी त्याच वर्गात आहे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पण गुरुवार गेला ना?"

"गेला."

वॉचमनच्या स्टुलावर चिठ्ठी ठेवून त्यांनी सही केली. "तारीख कालची घालू?"

"आजचीच घाला. काय ते मी सांगते."

वर्गशिक्षिकेने चिठ्ठी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. "दोघी तयार आहात, मग माझी काय हरकत? जाड अक्षरातलं तेवढं तुम्ही बघा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी बारा चाळीसला मुलीला घेऊन मी ग्रंथालयात बसले. वर्गशिक्षिकेने सह्यांचा तक्ता पुढे केला. मुलीच्या नावापुढे आधीच्या भेटींचे तीन रकाने, तिन्हींत "अनुपस्थित", माझ्याच अक्षरात. भेटीनंतर रिकामे रकाने भरायचं काम माझं. भरताना नाव कधी वाचलंच नव्हतं.

पेन शोधायला मी पर्स उघडली.

"हे घे," मुलगी म्हणाली. "मी आणलंय."