एकशे ऐंशी

आत्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत होते. दुपारी ती सहसा फोन करत नाही.

"काय गं शास्त्रज्ञ, शेगडीची चिठ्ठी लिहिताना झोपेत होतीस का?"

"का? काय झालं?"

"एक शून्य खाल्लंस. तू लिहिलंयस, तळण एकशे ऐंशी. या शेगडीवर तर अठराशे येतं. मी केलं बरोबर. कढईत दोन वाट्या तेल ठेवलंय, बटाट्याचे काप करून झालेत. मीच हुशार!"

मी हातातली नमुन्याची बाटली खाली ठेवली.

इंडक्शनच्या शेगडीवर दोन बटणं होती, एक तापमानाचं आणि एक वॅटचं. मला म्हणायचं होतं एकशे ऐंशी अंश. विज्ञानाची पदवीधर मी, पण चिठ्ठीवर एकक लिहायला विसरले होते. आत्याने वॅटचं बटण दाबून अठराशे वॅट लावले होते, म्हणजे जवळजवळ पूर्ण जोर.

"तेल ठेवून किती वेळ झाला?"

"आत्ताच. पण तापायला वेळ लागतो ना. गॅसवर कसं..."

"आत्या, हा गॅस नाही!"

गॅसची अर्धी आच कढईच्या कडेने हवेत जाते. इथे शेगडी स्वतः तापतच नाही. काचेखालची तारेची गुंडाळी लोखंडात वीज फिरवते आणि कढईचं बूडच तापतं, तेही लगेच. मी मनात आकडे मांडले. दोन वाट्या तेल दीड मिनिटात एकशे ऐंशीवर येईल, दोन-अडीच मिनिटांत धुरावेल. चार मिनिटांच्या आसपास पेटेल. जास्त तापलं तर शेगडी आपोआप बंद व्हायला हवी, पण तिचा संवेदक काचेखाली असतो, आणि आमच्या जुन्या कढईचं बूड मधोमध किंचित उचललेलं आहे. तेल किती तापलंय हे त्याला कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

गेल्या वर्षी गॅसच्या भडक्यात आत्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. म्हणूनच ही शेगडी आणली होती. जाळ दिसणार नाही, म्हणजे भीती नाही, असं मीच तिला समजावलं होतं.

"अगं, कसला तरी वास येतोय," ती म्हणाली.

"कसला?"

"तेलाचा. धूर दिसतोय दारातून."

तिचा गुडघा धड नाही. वॉकर धरून चालते, फोन गळ्यातल्या पिशवीत असतो. स्वयंपाकघरात रेंज नसते, म्हणून ती बाहेरच्या खोलीत येऊन बोलत होती. ती आत गेली की माझा आवाज तुटणार.

"थांब! आधी ऐक, मग जा. शेगडीच्या बटणाला हात लावू नकोस, काप करून तुझे हात ओले असतील, ते स्पर्शाचं बटण ओल्या बोटाला दाद देत नाही. दाराशेजारच्या भिंतीवरचं तिचं बटण बंद कर."

"आणि कढई उचलून..."

"कढई उचलायची नाही! पाणी नाही, बटाटेही नाहीत. ओले काप पडले की तेल उसळून अंगावर येईल."

"मग करू काय?"

"बटण बंद. मग बाजूची मोठी परात कढईवर कडेने सरकव. मान मागे ठेव. जाळ दिसला तर परातही नको, तशीच बाहेर ये. म्हणून दाखव."

"बटण. परात. मान मागे. जाळ दिसला तर बाहेर." ती म्हणाली. "पोरी, मला भीती वाटते गं."

"मलाही. जा."

वॉकरचे ठोके ऐकू आले. एक, दोन, तीन. मग खरखर. मग काहीच नाही.

मी घड्याळाकडे पाहत उभी होते. तासाभराचं काम सेकंदांत मोजायची सवय आहे मला, पण ते सेकंद मोजता आले नाहीत.

फोन वाजला. मी लगेच उचलला.

"आत्या?"

"जाळ नव्हता. परात टाकली," ती म्हणाली. "खटका दाबला तसा धूर वाढायचा थांबला. गॅस बंद केला तरी जाळी कशी धगधगत राहते! या शेगडीने लगेच ऐकलं."

"कढई अर्धा तास उघडू नकोस," म्हटलं आणि मी तिथेच स्टुलावर बसले.

संध्याकाळी घरी आल्यावर ते तेल फेकून नवं घेतलं, सपाट बुडाची कढई काढली. मी हजार वॅटवर तेल तापवलं. एक काप सोडला, तो बुडबुडे घेऊन वर आला, तेव्हा बाकीचे पुसून सोडले. त्यांनी तेल गार केलं, बुडबुडे मंदावले. चौदाशे केलं, काही क्षणांत ते पुन्हा खळखळले. मग आठशेवर आणलं आणि त्यांचा जोर उतरला.

"तेल केवढं ऐकतं!" आत्या म्हणाली.

"म्हणूनच सांभाळायचं."

तिने चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. मी 'एकशे ऐंशी'पुढे 'अंश' लिहिलं. पण आत्या शेगडीजवळ आली नाही. ती भिंतीला पाठ लावून उभी होती आणि शेवटचा काप निघेपर्यंत तिचं बोट दाराशेजारच्या त्या खटक्यावरून हललं नाही.