पाहिलेलं काम

पहिली पाळी संपवून मोरेश्वर सौंसरच्या बसस्टँडवर उतरला तेव्हा अंगात त्राण नव्हतं. टपरीवर शाळेपासूनचा मित्र पंकज वाट पाहत होता. म्हणजे झोप गेली!

"मोऱ्या, तुमच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन घेऊन राहिले. शिफारसीच्या फॉर्मवर मायं नाव टाक ना बे."

मोरेश्वर चहाकडे पाहत राहिला. त्या फॉर्मवर एक ओळ असते: 'उमेदवाराचं काम स्वतः पाहिलं आहे का?' गेल्या वर्षी बायकोच्या भावासाठी, योगेशसाठी, त्याने डोळे मिटून 'हो' लिहिलं होतं. साळेबुवा अठरा दिवसांत पळाले आणि एचआरच्या अर्चना मॅडमसमोर मान खाली घालायची वेळ मोरेश्वरवर आली.

"मी नाही टाकत, पंकज. रागावू नको. तुयं काम मी कधी पाह्यलंच नाही."

पंकजचा चेहरा उतरला. कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपला होता, घरी बसून दोन महिने झाले होते आणि बायकोने नोकरीचं विचारणंही सोडलं होतं. मोरेश्वरला हे सगळं ठाऊक होतं, म्हणून तर तो लगेच पुढे म्हणाला,

"पण सोमवारी दहा वाजता गेटवर थेट मुलाखत हाय. शिफारस लागत नाही. बायोडाटा दाखव."

कागद पाहून त्याने कपाळाला हात लावला. पांढुर्ण्याच्या कॉम्प्युटरवाल्याने लग्नाचाच नमुना वापरला होता: गोत्र, उंची, वर्ण गोरा, मामाचं गाव. तीन हंगाम जिनिंगच्या मोटारी सांभाळल्याचं कुठेच नव्हतं.

"नोकरी पाहून राहिला का सोयरीक?"

पंकज हसला नाही. तरी मोरेश्वरने पेन काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं नव्याने लिहून दिलं. जिनिंगचे फोरमन भगवंतराव यांच्याकडून अनुभवाचा दाखला घे, त्यांना विचारून त्यांचा नंबर टाक, असंही बजावलं. मग विचारलं, "स्टार्टरचं बटन सोडलं की मोटर बंद पडते. आधी काय पाह्यशील?"

"होल्डिंग कॉन्टॅक्ट. बटन सोडल्यावर तोच मोटर चालू ठेवते," पंकज ताडकन म्हणाला. "आता तर टाकशील नाव?"

"हे ऐकलं. पाह्यलं नाही."

पंकज कागद खिशात कोंबून तिगावच्या गाडीत चढला. मोरेश्वरला स्वतःचाच वैताग आला. एक नाव लिहायला काय जात होतं?

पंधरा दिवस फोन नाही. मग एका सकाळी कंपनीच्या बसमध्ये कोणीतरी शेजारी येऊन बसलं. पंकज! कोरा करकरीत गणवेश, गळ्यात ओळखपत्र. मोरेश्वरला इतका आनंद झाला की त्याने ते ओळखपत्र हातात घेऊन दोनदा वाचलं.

"मॅडमनं विचारलं, कंपनीत ओळखीचं कोणी हाय का," पंकज समोर पाहत म्हणाला. "नाही म्हणून सांगितलं."

"काहून बे?"

"तुयं काम मी कुठं पाह्यलं?"

बस कारखान्याच्या गेटात शिरली. उतरताना पंकजने सीटवर राहिलेला मोरेश्वरचा डबा उचलून त्याच्या हातात दिला. "चाल, आता पाहू एकमेकाचं काम."