डाव्या कानाची निळी रेघ

माझा मुलगा लोकेश इकडं हिंदी मुलखात, सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा. वर, छताखालच्या केबिनमध्ये बसून खालचं लाल तापलेलं लोखंड उचलायचं. अठरा वर्षांत त्याच्या हातून एकही वस्तू चुकीच्या जागी ठेवली गेली नाही. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मीच सांगत फिरायचो.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी शेडमधली बत्ती गेली आणि लोकेश क्रेनच्या शिडीवरून उतरताना लडखडला. सुरक्षा अधिकाऱ्यानं त्याला गेटजवळच्या पिवळ्या पट्टीवर चालायला लावलं. दहा पावलांत तो तीनदा पट्टीबाहेर गेला. फुंकायच्या यंत्रात काही आलं नाही. तरी अधिकारी म्हणाला, दारू नसेल तर नशेची गोळी घेतली असेल. त्याच दिवशी त्याला घरी बसवलं.

घरी आला तेव्हा मी एक वाईट काम केलं. पाणी द्यायचं निमित्त करून मी त्याचं तोंड हुंगलं. आमच्या घरात माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून कुणी दारूला शिवलं नाही. पंचशील आम्ही नुसतं म्हणत नाही. तरीही मी हुंगलं. लोकेशच्या ते लक्षात आलं. त्यानं पाणी न पिताच पेला खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी युनियनचा देवीदास आला.

"जय भीम, काकाजी," म्हणून तो बसला आणि एक कागद काढला. "हे पाहा. यात लिवलं हाय का मी पिऊन आलो होतो, माफी द्या. सोमवारपर्यंत सही पाहिजे. पंधरा दिवस निलंबन, मंग वापस क्रेनवर."

"मी पेलो नाही, देवीदास," लोकेश म्हणाला.

"मले का सांगून राहिला? मले मालूम हाय. पण चक्कर येते म्हनशील त डॉक्टर अनफिट लिहिन. मंग क्रेन गेली जिंदगीभर. पिणाऱ्याले माफी हाय रे, बिमाराले नाही."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. लोकेशनं पेन हातात घेतलं. त्याला क्रेन हवी होती.

तेवढ्यात आतून सूनबाई चेतनानं हाक मारली. "अहो, चहा घेऊन जा." स्वयंपाकघर त्याच्या डावीकडे. लोकेशनं मान उजवीकडे वळवली, दाराकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि मग कुठं आत पाहिलं.

"काहून बे, तिकडं कोण हाय?" मी विचारलं.

"आवाज कुठून येते ते समजत नाही बाबा आजकाल. डावा कान बरा नाही. फोन लावला त आवाज येते, पण शब्द समजत नाही. अन् दिवसभर शिट्टी वाजते आतमंदी. कारखान्यात सगळ्यायचंच जाते, मशीनच्या आवाजानं."

हे ऐकून माझ्या मनात काहीतरी अडकलं. मी एकतीस वर्षं रेल्वेत गाड्यांची चाकं ठोकून पाहण्याचं काम केलं. गाडी फलाटाला लागली की हातोडी घेऊन एका बाजूनं चालत जायचं, प्रत्येक चाकावर ठोका. चांगलं चाक घंटीसारखं वाजतं. तडकलेलं चाक मडक्यासारखं बोलतं. त्या गोंगाटात माझेही कान गेले, पण दोन्ही सारखेच गेले. गोंगाट काय एकाच बाजूचा कान निवडतो?

"तुझे कान तपासल्याचे कागद कुठं हायेत?"

कारखान्यात दरवर्षी कान तपासतात. चेतनानं पिशवी आणली. तीन वर्षांचे तीन तक्ते. अक्षर मी पंचावन्नाव्या वर्षी चेतनाकडूनच शिकलो, इंग्रजी तर अजूनही येत नाही; पण रेघा वाचायला इंग्रजी लागत नाही. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. पहिल्या वर्षी दोन्ही रेघा जवळजवळ. दुसऱ्या वर्षी निळी शेवटाकडे झुकलेली. तिसऱ्या वर्षी निळी खड्ड्यात, लाल जागच्या जागी. खाली पास केल्याचा शिक्का होता. शिक्का मारणाऱ्यानं दोन रेघा शेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या.

"हे एकाच चाकाचं हाय," मी म्हणालो. "हे गोंगाटाचं नाही. सही करू नको."

"काकाजी, क्रेन जाईन त्याची!" देवीदास म्हणाला.

"त्या क्रेनखाली माणसं उभी राहतात. माझ्या हातोडीले एक चाक फुटकं वाजलं त मी अख्खी गाडी थांबवत होतो. साहेब शिव्या देत, प्रवासी शिव्या देत. एकदाही सोडली नाही." मग लोकेशकडे वळून म्हणालो, "तुले चक्कर येते हे मालूम असून वर बसशील?"

लोकेशनं कागद परत देवीदासपुढं सरकवला. मग पेनाचं टोपण लावलं. "नाही, बाबा," तो म्हणाला. "देवीदास, तू हा घेऊन जाय."

मोठ्या सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टर शर्मिष्ठाबाईंनी एक लोखंडी काटा काढला, ठोकला आणि त्याचा दांडा लोकेशच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. हे तर माझंच ठोकणं; मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो.

"किधर सुनाई दे रहा है?"

"दाहिने तरफ."

"म्हणजे आवाज चांगल्या कानाकडं गेला. डाव्याची नस कमजोर आहे," त्या म्हणाल्या. मग तक्ते पाहून त्यांनी मान वर केली. "ये फर्क किसने पकड़ा?"

"मामाजीनं," चेतना माझ्याकडे बोट करून म्हणाली.

"इनको यहीं रख लेती हूँ," डॉक्टरबाई हसल्या. दवाखान्यात मी हसलो ते तेवढंच.

एमआरआयमध्ये दिसलं. कानापासून मेंदूकडं जाणाऱ्या तोल सांभाळण्याच्या नसेवर गाठ, अडीच सेंटीमीटरहून थोडी मोठी. कॅन्सर नव्हता. हळूहळू कित्येक वर्षं वाढत आलेली, ऐकण्याच्या नसेला दाबत. लहान असती तर नुसतं नजर ठेवलं असतं, किंवा किरणं दिली असती. पण ती मेंदूच्या देठाला टेकली होती, म्हणून काढायलाच हवी होती. डाव्या कानाचं ऐकणं परत येणार नाही, आणि चेहऱ्याची नसही तिथूनच जाते, हे त्यांनी आधीच सांगितलं.

ऑपरेशन आठ तास चाललं. पहिले काही दिवस लोकेशला खोली फिरताना दिसायची, ओकाऱ्या व्हायच्या. डावा डोळा पूर्ण मिटत नव्हता. थेंब घालायचे, झोपताना पट्टी लावायची. चेहरा एका बाजूला ओघळलेला. मग चालायचा व्यायाम सुरू झाला. उजव्या बाजूच्या भरवशावर मेंदू तोल नव्यानं शिकतो म्हणे. लोकेशनं त्याला शिकवला. उठायचा, भिंत धरायचा, भिंत सोडायचा. मी पुष्कळ माणसं काम करताना पाहिली आहेत. असं काम नाही पाहिलं.

सात महिन्यांनी कारखान्याचं पत्र आलं. ते मी वाचलं, बोट ठेवून, मोठ्यानं, दारात उभं राहून, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं. डॉक्टरबाईंचे कागद पाहून नशेचा आरोप मागे. क्रेन मिळणार नाही. नव्या चालकांना हाताचे इशारे शिकवायचं काम. इशाऱ्यांना कान लागत नाही.

हजर व्हायच्या दिवशी मीही गेलो. गेटजवळ तीच पिवळी पट्टी, आणि तोच अधिकारी. या वेळी त्यानं चालायला लावलं नाही. लोकेशच थांबला, चप्पल नीट केली आणि पट्टीवर चालायला लागला. सहाव्या पावलाला डावा पाय बाहेर पडला. तो थांबला, पाय आत घेतला आणि शेवटपर्यंत गेला. देवीदास टाळ्या वाजवत होता, डोळे पुसत होता.

अधिकारी पुढं येऊन म्हणाला, "माफ करना, लोकेश भैया."

लोकेशनं मान हलवली. हसला तेव्हा चेहऱ्याची डावी बाजू जरा मागून आली, पण आली.

"बाबा, चाल ना आत," तो म्हणाला. "शिकायले आलेले पोट्टे पाहायचे हायेत ना माझे?"

मी त्याच्या उजव्या बाजूला गेलो. आता मी त्याच बाजूनं चालतो.