जळगावचा पगार

चारुलताने बहादरपूरच्या केळी पावडर कारखान्यातली प्रयोगशाळेची नोकरी स्वीकारली होती. पण रुजू होण्याआधीच जळगावहून जास्त पगाराची नोकरी चालून आली. तिने माफी मागून नकाराचा मेल केला, तरी तोंडावर सांगावं म्हणून ती मॅनेजर महाजन साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"शब्दाला काही किंमत आहे की नाही?" साहेब कडाडले. "तुझ्या वडिलांची केळी आम्हीच घेतो, हे तरी ध्यानात ठेवायचं!"

चारुलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी आवाज तिने चढू दिला नाही. "केळी चांगली असतात म्हणून घेता, सर. तुमची अडचण झाली, त्याबद्दल माफ करा. पण मी येणार नाही."

साहेब एकदम नरमले. "अरे बेटा, बैठो तो सही. जळगाववाले देतात तेवढं आम्हीही देऊ. आत्ता लिहून देतो."

"मुलाखतीत मी तेवढंच मागितलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, मुलीच्या जातीला एवढा पगार कशाला?"

चारुलता दारापर्यंत जाऊन वळली.

"द्यायची तयारी आहेच, तर माझ्या जागी जी येईल तिला द्या, सर. तिने मागायच्या आधी."