कुंडलिकरावांच्या रोपांची जाहिरात

कुंडलिकरावांनी जाहिरात टाकली होती टोमॅटोच्या रोपांची, आणि लोकांनी त्यांचं अभिनंदन केलं.

जुन्नर-आंबेगावच्या टोमॅटोवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. नारायणगावात बियाण्यांचं दुकान चालवणारा पीयूष त्याचा अ‍ॅडमिन. जाहिरातींनी ग्रुप भरून जाऊ नये म्हणून त्यानं शिस्त लावून दिली होती: एका नर्सरीला आठवड्यात एकच जाहिरात, तीही सोमवारी. तो सोमवार कुंडलिकरावांनी साधला. दुपारपर्यंत फुलांचे गुच्छ आले, जोडलेले हात आले, मढहून कुणा हौशीरामनं "भाऊ, सत्कार कधी हाये? येतो" असं विचारलं. एकानं तर फेटा बांधलेला त्यांचा जुना फोटो शोधून त्याला सोनेरी चौकट करून पाठवली. रोपं मात्र कुणी मागितली नाहीत.

एरवी कुंडलिकरावांना यात काहीच वावगं वाटलं नसतं. पण शेडनेटखाली ट्रे भरून रोपं उभी होती. एका मोठ्या बागायतदारानं मागणी नोंदवली होती आणि विहिरीनं दगा दिल्यावर ऐन वेळी अंग काढून घेतलं होतं. टोमॅटोचं रोप काही लोणचं नव्हे. महिन्याच्या आत जमिनीत गेलं तर गेलं. नाहीतर ट्रेमध्येच नुसतं उंच वाढून ढांगुळं होतं, मुळ्या गुंडाळून बसतं आणि मग कुणी फुकट नेत नाही. या रोपांना आता आठवडाच उरला होता. इतके दिवस लेकरासारखी सांभाळलेली रोपं उकिरड्यावर ओतायची, या विचारानं त्यांना जेवण जात नव्हतं. बायकोला, सरूबाईंना, त्यांनी सांगितलं, की वांग्यात मीठ जास्त पडलंय.

"मामा, तुमची जाहिरात वाचली मी," सूनबाई अक्षदा म्हणाली. लग्नाआधी ती मंचरच्या एका साडीच्या दुकानाचं फेसबुक पान सांभाळायची. "म्हंजे, जाहिरात हाये व्हय ती?"

"मग काय हाये?"

तिनं मोठ्यानं वाचून दाखवली. मी कुंडलिक. मी गेली पंचवीस वर्षं या धंद्यात आहे. मी आपल्या भागात पहिलं शेडनेट उभं केलं. मी अभ्यास दौऱ्यासाठी परदेशी जाऊन आलो. मला आदर्श नर्सरीचालक म्हणून गौरवलं. मी कष्टानं इथवर आलो. माझ्याकडे रोपं आहेत.

ऐकताना कुंडलिकरावांची छाती जराशी फुगली. मजकूर त्यांना अजूनही झकास वाटत होता.

"रोपं सगळ्यात खाली हायेत," अक्षदा म्हणाली. "तिथवर कोण येतंय? आणि आलं तरी त्याच्या हाती काय लागलं? वाचणारा यात कुठंच न्हाई, मामा. सगळीकडं तुमीच."

"बरं," कुंडलिकराव म्हणाले. "मी काढून टाकतो."

चष्मा लावून ते तासभर फोन घेऊन बसले. 'मी' खरोखरच एकही ठेवला नाही. प्रत्येक ठिकाणी 'आम्ही' घातलं. आम्ही शेडनेट उभं केलं, आम्ही परदेशी जाऊन आलो. अक्षदानं वाचलं आणि पदर तोंडाला लावून सासूकडे बघितलं.

"राजे झालाय का तुमी?" सरूबाई म्हणाल्या.

अक्षदानं मग फोन बाजूला ठेवला. "मामा, एक सांगा. नर्सरीवर माणूस आला, की पयलं काय इचारतो? तुमी किती वर्षं धंद्यात हाये, असं?"

"छ्या. पयलं इचारतो, रोपं नक्की कवा मिळत्याल. मजुरीच्या बाया सांगितलेल्या असत्यात ना लागणीला. बाया येऊन बांधावर बसल्या आणि रोपं आलीच न्हाईत, की दिवस बोंबलला. परत त्या बाया मिळत न्हाईत."

"आणि मग तुमी काय करता?"

"काय करतो म्हंजे? पहाटं गाडी भरतो आणि बाया यायच्या आत नेऊन उतरवतो. ते काय सांगायचं असतं व्हय जाहिरातीत? हमाली हाये ती."

"आणि माणूस दुसरं काय करतो?"

"इचारत न्हाई, रोप उपटतोच. मुळी बघतो. पांढरीशिप्पत दिसली की गप बसतो."

"आणि लावल्यावर मेली तर?"

"आपल्या रोपात खोट असंल तर बदलून देतो. मागं न्हाई का दिली? पण ते लिहू नको, बाई. उद्या सगळा तालुका मेलेली रोपं घेऊन येईल."

"देताच ना? मग लिहायला काय झालं?"

कुंडलिकरावांनी वांग्यातल्या मिठाचा विषय पुन्हा काढला.

अक्षदानं लिहिलं ते असं:

"लागणीला बाया सांगितल्यात, पण रोपं वेळेवर येतील का ही धाकधूक आहे? बाया शेतात यायच्या आत रोपं तुमच्या बांधावर असतील. उतरवून घेताना कुठल्याही ट्रेमधलं रोप उपटा, मुळी बघा. पांढरी आणि भरगच्च नसेल तर तो ट्रे घेऊ नका. रोपाच्या दोषानं आठवड्यात मर झाली, तर तेवढी रोपं तुम्हाला बदलून मिळतील. टोमॅटोची रोपं या आठवड्यात लागणीला तयार आहेत. तुमचं गाव आणि लागणीचा दिवस कळवा."

खाली नर्सरीचं नाव आणि फोन नंबर. फोटो मुळीचा.

कुंडलिकरावांनी तो मजकूर दोनदा वाचला. आपल्याच नर्सरीच्या जाहिरातीत आपण कुठे आहोत, ते शोधत होते.

"परदेशाचं एक वाक्य तरी?"

"त्याच्या बांधाला काय उपयोग, मामा?"

आठवड्याची एक जाहिरात होऊन गेली होती, म्हणून पीयूषला फोन करावा लागला. तो भला माणूस. म्हणाला, "काका, या खेपेला टाका, तुमचा माल नासायला नको. पण पुन्हा सत्कार नको हां."

या वेळी एकही गुच्छ आला नाही. फोन आले. पहिला मंचरकडून, दुसरा ओतूरकडून, आणि मग कुंडलिकरावांना हातातली भाकरी तोंडात घालायला सवड मिळेना. सगळे गाव सांगत, दिवस सांगत, बाया किती वाजता येणार ते सांगत. कुंडलिकराव कोण, कसे इथवर आले, हे कुणीच विचारलं नाही. त्यांना आनंद झाला होता आणि थोडं मनाला लागलंही होतं. दोन्ही खरं होतं.

आठवडा संपायच्या आत शेवटचे ट्रे गेले ते अवसरी बुद्रुकला. उजाडताना कुंडलिकरावांनी स्वतः पिकअप बांधाला लावली. शेतकरीण सखूबाई एकट्याच तिथं उभ्या होत्या, बाया अजून यायच्या होत्या. त्यांनी मधल्याच एका ट्रेमधलं रोप उपटलं, उजेडाकडे धरून मुळी बघितली आणि सगळे ट्रे उतरवून घेतले. इतक्यात वाटेनं बाया येताना दिसल्या. सखूबाईंनी हसून किटलीतला चहा ओतला.

"मागल्या साली दुसऱ्या नर्सरीनं दुपारपतोर बसवलं व्हतं," त्या म्हणाल्या. "बाया उठून गेल्या. रडले मी हितं." मग कुंडलिकरावांच्या हातात चहाचा कप देत म्हणाल्या, "डायवरभाऊ, तुमच्या मालकाला माझा निरोप सांगा. म्हनावं, माणूस शब्दाचा हाये."

कुंडलिकरावांनी तोंड उघडलं. पंचवीस वर्षं, शेडनेट, परदेश, सगळं ओठांवर आलं होतं. त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"सांगतो," ते म्हणाले. "लई बरं वाटंल त्याला."