‘मोबदला’ या शब्दाच्या जागी

विषय : आईच्या पश्चात राहिलेले घर विकून येणारी रक्कम तिन्ही भावंडांत वाटण्याबाबत.
संदर्भ : ताईने मांडलेला प्रस्ताव.

सदर प्रकरणी मी, त्या घराच्या दाराचे पितळी कुलूप, बोलतोय. मला कुणी विचारलेले नाही. पण दार उघडले की मला आत नेऊन जेवणाच्या टेबलावर ठेवायची या घराची रीत, त्यामुळे सगळे माझ्या कानावर आहे.

वडिलांनी मला दुकानात इतक्या वेळा उघडून-लावून पाहिले, की तेवढी चौकशी त्यांनी जावई शोधतानाही केली नसेल. माझ्याबरोबर तीन किल्ल्या मिळाल्या. वडील गेल्यावर आईने त्या मुलांना वाटल्या. या घरातली विनातक्रार झालेली वाटणी ती एवढीच.

दादाची किल्ली अजून नव्यासारखी चकाकते. तो परगावी असतो. ताईची सणकीत फिरते. ती कचेरीत मसुदे लिहायची-तपासायची, काम हाती घेतले की थांबणे तिला ठाऊक नाही. धाकट्याची मात्र झिजून गुळगुळीत झाली आहे. केस पिकले तरी दोघे त्याला ‘छोट्या’च म्हणतात. आईच्या शेवटच्या वर्षांत तो इथेच तिच्यापाशी राहिला; ती गेल्यावर आपल्या घरी परतला.

आई गेल्यावर ताईने दोघांना बोलावले आणि प्रस्ताव वाचला. आधी तिघांच्या सह्यांनी वारस म्हणून नोंदीचा अर्ज. मग ओळखीपाळखीच्या नसलेल्या दोन जाणकारांकडून घराची किंमत काढून तिची सरासरी. त्या किमतीला तिघांपैकी कुणाला घर हवे असेल, तर पहिली संधी त्याला. त्याने इतर दोघांचे वाटे चुकते करायचे. नाहीतर बाहेर विक्री, पण सरासरीच्या खाली उतरायचे तर तिघांचा होकार हवा. दलाली, थकलेली घरपट्टी आणि पावत्या असलेली दुरुस्ती वजा करून उरेल त्याचे तीन समान वाटे. घेणाऱ्याने पैसे तिघांच्या खात्यांत वेगवेगळे भरायचे, म्हणजे ते कुणा एकाकडे पाहुणे म्हणून राहायला नकोत.

“भांड्याकुंड्यांचं काय?” दादाने विचारले.

“पाळीपाळीने एकेक वस्तू उचलायची. एकाच वस्तूवर दोघं अडले तर चिठ्ठी टाकायची.”

“मला फक्त माझा कॅरम हवा.”

“तुझा कधीपासून? सोंगट्या चोरून जिंकायचास तो?” छोट्या म्हणाला, आणि तिघेही हसले. मला वाटले, प्रकरण निकाली निघाले.

मग ताईने शेवटचे कलम वाचले. “आईची शुश्रूषा केल्याचा मोबदला म्हणून धाकट्या भावास वाटणीपूर्वी वेगळी रक्कम देण्यात यावी.” तिला वाटले होते, याने तो सुखावेल. रात्र रात्र बसून तिने ते कलम घोटले होते.

छोट्याचे हसू तोंडावरच थिजले. “बिल लावलंस होय गं माझ्या नावाने?”

“अरे, तुझी नोकरी सुटली तिच्यापायी. न्याय नको का?”

“ती स्वयंपाकघरात गॅस सुरू ठेवायची, रस्ता विसरायची. औषध आणायला जाताना मी तिला आत ठेवून बाहेरून हे लावायचो.” त्याने बोटाने मला टोकरले. “आतून दार वाजवायची ती. ‘बाळा, उघड’ म्हणायची. त्याचे पैसे देतेस मला?”

ते वाजवणे मलाही ठाऊक आहे. दारासोबत मीही हलायचो.

“नको म्हणतोय ना तो? मग काढ ते कलम,” दादा म्हणाला. “तिघांना सारखं, विषय संपला.”

“काढायला बरा लगेच तयार झालास!”

“मग काय गळ्यात मारायचं त्याच्या? मी काही लुबाडायला आलेलो नाही, ताई.”

दादा चप्पल घालून निघाला. कॅरमकडे त्याने पाहिलेही नाही. छोट्याने आपली किल्ली माझ्याशेजारी ठेवली आणि तोही गेला. ताई एकटीच उरली. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या मसुद्यांत चुकीचा शब्द शोधून काढणारी बाई, आपल्याच कागदावरच्या ‘मोबदला’कडे बघत बसली. मग तिने तो खोडला. वर ‘कृतज्ञता’ लिहिले, तेही खोडले. ‘भरपाई’ अर्धेच लिहून सोडले.

निघताना तिने मला लावले ते छोट्याच्या किल्लीने. ती जराही अडकली नाही. ताईचा हात मात्र काढताना थांबला. मग तिने दारावर बोटांनी हलकेच टकटक केली, आत कुणी नाही हे माहीत असून.

त्यानंतर ती अधूनमधून येते, झाडलोट करते, कागद काढून बसते. दोघांना फोन लावते. दादा ‘कामात आहे’ म्हणतो, छोट्या उचलत नाही. हे घर विकले गेले, की नवा मालक पहिल्यांदा मलाच मोडीत काढील. तरी माझी विनंती आहे, की ते व्हावे; पण त्याआधी तिघांनी या टेबलाशी एकदा बसावे आणि छोट्याने स्वतःची किल्ली स्वतः उचलावी.

सद्यस्थिती : शेवटच्या कलमात एक शब्द घालावयाचा आहे. वारसनोंदीच्या अर्जावर एकच सही झाली आहे. अर्ज प्रलंबित.